पडद्यावर नाव नको

दोन मिनिटं, एक स्लाइड, समोर वीस विद्यार्थी. फ्रीगंज भागातल्या एका खासगी पॉलिटेक्निकात जमिनीचं सर्वेक्षण शिकवायच्या नोकरीसाठी अशी स्वतःची ओळख हिंदीतून करून द्यायची होती. मी बोलताना अडकतो, आणि सगळ्यात जास्त स्वतःच्या नावावर. बाकी शब्द बदलून पळ काढता येतो, नाव कसं बदलणार? त्यातून घरच्यांनी ठेवलं यज्ञेश्वर.

आधीच्या दोन मुलाखतींत साहेबांनी अर्ज बघून माझं नाव पूर्ण केलं, मग उत्तरंही पूर्ण केली, आणि नोकरी दुसऱ्याला दिली. ही तिसरी.

स्लाइड अपूर्वाताईनं बनवली. वर भलंमोठं नाव, खाली पदवी, टक्के, अनुभव, अकरा ओळी.

"सगळं टाकलंय. तुला बोलायची जरूरतच नाही," ती म्हणाली.

माधव नगरच्या घरी तालीम सुरू केली. मी "य..." वर अडकलो. ताईनं पडद्याकडे पाहिलं आणि म्हणून टाकलं, "यज्ञेश्वर." तिला कळलंसुद्धा नाही. मला मात्र संताप आला, कारण वर्गातही हेच होणार होतं. मी अडकेन आणि वीस जण वाचून दाखवतील.

मी नाव पुसलं, मग अकरा ओळीही पुसल्या. एकच फोटो टाकला: नदीकाठच्या रामघाटाच्या पायरीवर उभी मोजपट्टी, मोजणीच्या दुर्बिणीतून दिसणारी, आडव्या रेघेवर आकडा. तेवढं बोलून दाखवता आलं नसतं. बाकीचं तोंडी.

"पागल झालास का? अडकलास तर?"

"तर थ... थांबतील."

"नाही थांबले तर?"



वर्गात प्राचार्य श्रीकांत सर मागच्या बाकावर गुण द्यायचा कागद घेऊन बसले. फोटो लागला.

"मैं ह... हकलाता हूँ. मेरी बात कोई पूरी न करे. मेरा नाम य..."

जबडा घट्ट बसला. पहिल्या बाकावरच्या मुलीनं मदतीला तोंड उघडलं, पडद्यावर पाहिलं. तिथे फक्त पायरी आणि आकडा. तिनं तोंड मिटलं. सरांनी घड्याळ बघितलं. कुणीतरी खुर्ची सरकवली. मला पळून जावंसं वाटत होतं.

"...यज्ञेश्वर है."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, हे बरं झालं. त्या मुलीनं हात वर केला. "सर, ये नंबर क्या बताता है?"

मग मी पायरीची उंची कशी काढायची ते सांगितलं. चारदा अडकलो. चारही वेळा वर्ग थांबला.

तासाभरानं सरांनी ऑफिसात बोलावलं. बाहेर येऊन मी ताईला फोन लावला.

"ताई, न... न..."

पलीकडे तिचा श्वास ऐकू येत होता. तिला कळलं होतं, मला पक्कं ठाऊक आहे. आयुष्यात पहिल्यांदा ती गप्प राहिली.

"...नोकरी मिळाली," मी म्हणालो. मग ती रडली.