तारेला लागलेला बॉल

माइक हातात आला की चष्मेवाल्याचा आवाज दोन बोटं जाड व्हायचा. एरवी दुकानात ‘खालची ओळ वाचता येतेय का’ असं हळुवार विचारणारा हा माणूस, सोसायटीचा कुठलाही कार्यक्रम असला की आधी जाऊन स्पीकर कुठे लावलाय ते बघायचा. बायको म्हणायची, याला लग्नातही माइक दिला असता तर मंगळसूत्र घालायचं राहून गेलं असतं.

यंदा आठ सोसायट्यांची व्हॉलीबॉल स्पर्धा त्याने डोक्यावर घेतली, आणि ती सुरू होण्याआधीच लोक त्याच्या डोक्यावर बसले. सगळे कॅप्टन समोर बसवून, डब्यातून चिठ्ठ्या काढून ड्रॉ केला, तरी दोघे म्हणालेच की चिठ्ठ्या दुमडताना कोपरे मोडले होते. मग खेळाडू त्याच सोसायटीत राहणारा हवा, या नियमावरून रण पेटलं. भाडेकरू चालेल का? चालेल. चार दिवस राहायला आलेला भाचा? नाही चालणार. भाचा सहा फूट दोन इंच होता, त्यामुळे हा निर्णय त्याच्या मामाच्या फार जिव्हारी लागला आणि मामाने बैठकीत खुर्ची भिंतीवर आपटली. खुर्ची प्लास्टिकची होती, पण पाय निखळला.

शेवटी चष्मेवाल्याने बारा नियमांची नोटीस तयार केली आणि आठही सोसायट्यांच्या फलकांवर स्वतः जाऊन लावली. सातवा नियम त्या कोर्टापुरताच होता. दोन इमारतींच्या मधे, कोर्टाच्या बरोबर वरून, एक जाड केबल गेलेली. बॉल तिला लागला तर तो पॉइंट कोणालाच नाही, सर्व्हिस पुन्हा करायची. बारावा नियम सगळ्यांना गप्प करण्यासाठी घातला होता: लेखी सूचना लावल्याशिवाय कुठल्याही नियमात बदल होणार नाही.

मुख्य पंच म्हणून त्याने दाजींना बोलावलं. दाजी म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, शहराच्या दुसऱ्या टोकाला राहणारे, शाळेत खेळ शिकवणारे. कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला माणूस. ते आधी नको म्हणाले. सोसायट्यांच्या मॅचमध्ये शिट्टीपेक्षा हेल्मेट जास्त उपयोगी पडतं, असं त्यांचं मत होतं. मग ताईने भरीला घातलं. ‘धाकटा एवढं म्हणतोय तर जा की हो.’ आणि दाजी गेले.

उपांत्य फेरीपर्यंत किरकोळ ढकलाढकलीवर भागलं. उपांत्य फेरीत मात्र हिरव्या जर्सीवाल्यांना एक शक्कल सुचली. पास बिघडला, पॉइंट जातोय असं दिसलं की ते मुद्दाम बॉल उंच केबलवर मारायचे. तारेला लागला की पुन्हा सर्व्हिस. असं चारदा झाल्यावर पिवळ्यांचा कॅप्टन नेटखालून पलीकडे गेला आणि त्याने हिरव्यांच्या पासरच्या तोंडावर गुद्दा हाणला. नाकातून रक्ताची धार लागली, पोराच्या आईने किंकाळी फोडली आणि दहा मिनिटं कोण कोणाला मारतंय ते मारणाऱ्यांनाही कळत नव्हतं. दाजींनी त्या कॅप्टनला उरलेल्या मॅचसाठी बाहेर काढलं. तरी पिवळे जिंकले आणि अंतिम फेरीत चष्मेवाल्याच्या स्वतःच्या सोसायटीसमोर, म्हणजे निळ्यांसमोर उभे राहिले.

“हा सातवा नियम बदल,” दाजी त्याच संध्याकाळी म्हणाले. “तारेला लागला की पॉइंट समोरच्याचा. नाहीतर उद्या मुडदे पडतील.”

“बदलला,” चष्मेवाला म्हणाला.

“असं नाही. नोटीस लाव.”

“लावतो हो. रात्री लावतो.”

पण नोटीस लावायची तर समितीची बैठक घ्यावी लागली असती, बैठकीत सहा फुटी भाच्याचा मामा आला असता, आणि चष्मेवाला पुरता विटला होता. दुसऱ्या दिवशी टॉसच्या वेळी सांगून टाकू, असं त्याने ठरवलं. टॉसच्या वेळी पिवळ्यांचा कॅप्टन वेळेवर आला, त्याला सांगितलं. निळ्यांचा कॅप्टन, ज्याला सगळे जिमवाला म्हणत, गाडी लावायला जागा मिळेना म्हणून उशिरा पोचला आणि धावतच वॉर्मअपला गेला. त्याला नंतर सांगू म्हणून चष्मेवाला माइककडे वळला, आणि एकदा माइक हाती आल्यावर बाकी सगळं मागे पडलं.

दाजींनी शिट्टी घेऊन स्टँडवर चढण्याआधी विचारलं, “दोघांना सांगितलंस ना?”

“सांगितलं,” तो म्हणाला.

पहिला सेट निळ्यांनी घेतला, दुसरा पिवळ्यांनी. तिसरा पंधराचा. आठ झाल्यावर बाजू बदलताना दोन खेळाडूंनी एकमेकांना खांदे मारले, एक जण थुंकला, दाजींनी पिवळं कार्ड दाखवलं. गच्च्यांवरून बायका-पोरं ओरडत होती. खाली खुर्च्यांच्या चार रांगा होत्या, पण बसलेलं कोणी नव्हतं. फक्त ताई बसली होती, पहिल्या रांगेत, मांडीवर नवऱ्याची पाण्याची बाटली घेऊन.

चौदा-तेरा. पिवळे एकाने पुढे, सर्व्हिसही त्यांची. सर्व्हिस आली ती जिमवाल्याच्या हातावर. त्याने घेतली, पण जरा जास्तच जोरात. बॉल सरळ वर गेला आणि केबलला लागून धप्पकन खाली पडला.

जिमवाला आरामात पुन्हा सर्व्हिस घ्यायच्या तयारीत उभा राहिला. शिट्टी वाजली. दाजींनी हात पिवळ्यांच्या बाजूला केला.

पॉइंट. पंधरा-तेरा. मॅच संपली होती.

क्षणभर कोणाला काही उमगलंच नाही. मग पिवळे नाचायला लागले आणि निळ्यांच्या बाजूने एकच गदारोळ उठला. कोणीतरी फलकावरची नोटीस ओरबाडून आणली. “सातवा नियम वाच की! वाच, आंधळ्या!”

“आम्हाला सांगितलंय बदललाय म्हणून!” पिवळ्यांचा कॅप्टन ओरडला. झालं. याच्यावर कोण विश्वास ठेवणार? निळ्यांतून कोणीतरी गरजलं, “तुम्हाला सांगितलं आणि आम्हाला नाही? किती दिले रे पंचाला?”

जिमवाला स्टँडच्या पायऱ्या धरून गदागदा हलवायला लागला. लोखंडी पाइपचा उंच स्टँड, सोसायटीतल्याच एका वेल्डरने बनवलेला. वर दाजी एका हाताने दांडी धरून बसले होते. ते ओरडले नाहीत. त्यांनी मैदानापलीकडे, टेबलामागे उभ्या असलेल्या मेहुण्याकडे पाहिलं.

माइक चष्मेवाल्याच्या हातात होता. एक वाक्य पुरे होतं. नियम मी बदलला, जिमवाल्याला सांगायचं मी विसरलो. एवढंच. पण त्याला दिसत होते ते रोज लिफ्टमध्ये भेटणारे चेहरे. त्याच्याकडून चष्मे नेणारे, त्याला काका म्हणणारे, आणि त्या घटकेला कोणाचाही गळा धरायला तयार असलेले. आपलंच घर इथे, आपलंच दुकान कोपऱ्यावर. त्याच्या जिभेवर ते वाक्य आलं आणि तो घाबरला. साफ घाबरला.

“कृपया शांतता राखा,” स्पीकरमधून त्याचा जाड आवाज आला. “ही स्पर्धा आपली सर्वांची आहे.”

आणखी तिघे स्टँडला भिडले. स्टँड एकदा डावीकडे कलला, परत सरळ झाला आणि मग उजवीकडे आडवा गेला. दाजींचा पाय पायऱ्यांच्या पाइपमध्ये अडकलेला होता. ते खाली आले, पाय तिथेच राहिला. हाड मोडल्याचा आवाज टेबलापर्यंत ऐकू आला. पडलेल्या माणसाच्या बरगडीत कोणीतरी लाथ घातली, मग दुसऱ्याने. ताई बाटली टाकून धावली, तिला कोणीतरी कोपराने उडवलं आणि ती खुर्च्यांत पडली.

आणि मग चष्मेवाल्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे! त्याने माइकचा स्टँड उचलला, दोन्ही हातांनी धरला आणि टेबलावरून उडी मारून गर्दीत घुसला. पहिला वार जिमवाल्याच्या जबड्यावर बसला, दोन दात रक्तासकट बाहेर आले. दुसरा कोणाच्या खांद्यावर बसला ते त्याने पाहिलंसुद्धा नाही. पिवळे धावून आले, निळे त्यांच्यावर तुटून पडले. बक्षिसांचं टेबल उलथलं. कोणीतरी विजेत्यांचा चषक कानाला धरून पिवळ्यांच्या कॅप्टनच्या डोक्यात हाणला, तो गुडघ्यावर बसला आणि त्याच्या भुवईवरून रक्त डोळ्यात उतरलं. सर्वोत्कृष्ट खेळाडूसाठी ठेवलेली नवी सायकल दुसऱ्याने उचलून फेकली. चष्मेवाल्याच्या पाठीत खुर्ची बसली, तळहात फाटला, कानाखाली ठोसे पडले. तो दाजींच्या अंगावर पालथा पडून राहिला, लाथा खात. कोणीही हटवू शकलं नाही. मार खायची त्याला अजिबात भीती वाटली नाही, याचं त्याला स्वतःलाच नवल वाटलं.

पोलिसांची गाडी आली तेव्हा मैदानात चपला आणि खुर्च्यांचे पाय तेवढे उरले होते.

हॉस्पिटलच्या वॉर्डात दाजींचा पाय वजन लावून टांगला होता. शेजारच्या स्टुलावर ताई भावाच्या तळहाताला पट्टी बांधत होती. तिची स्वतःची कोपरं सोलवटली होती, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.

“वाघासारखा धावला हो,” ती दाजींना सांगत होती. “अंगावर आडवा पडला तुमच्या. भाऊ असावा तर असा. नाहीतर आज माझं कपाळ पांढरं झालं असतं.”

दाजी छताकडे बघत होते.

जबाब घ्यायला हवालदार आला. त्याच्या हातात ती फाटकी नोटीस होती, फलकाच्या पिना अजून कोपऱ्यांना लटकत होत्या. “साहेब, नियमात लिहिलंय पॉइंट पुन्हा खेळायचा. तुम्ही समोरच्यांना दिलात. ती पोरं म्हणतात तुम्ही पैसे खाल्ले. तुमच्या शाळेतही कळवावं लागेल. काय लिहू?”

“नियम बदलला होता,” दाजी म्हणाले. “मला तसं सांगितलं होतं. दोन्ही कॅप्टनना सांगितलंय, असंही सांगितलं होतं.”

“कोणी सांगितलं?”

दाजी पुन्हा छताकडे बघायला लागले. जबडा आवळलेला, डोळ्यांच्या कडा ओल्या. दुखण्याने असतील असं ताईला वाटलं. “सांगा ना हो,” ती म्हणाली. “कोण तो मेला? त्याच्यामुळे तुम्ही असे पडलात आणि तुम्ही त्याला पाठीशी घालताय?”

चष्मेवाल्याने दाजींकडे पाहिलं. दाजींनी मान भिंतीकडे वळवली. ते आयुष्यात कधी सांगणार नव्हते, हे त्याला त्या वळलेल्या मानेवरून कळलं. हे त्याला लाथांपेक्षा जास्त लागलं.

“मी,” तो म्हणाला.

माइक नव्हता. आवाज इतका बारीक निघाला की हवालदाराने “काय?” म्हणून विचारलं.

“मी बदलला नियम. नोटीस लावली नाही. जिमवाल्याला सांगितलं नाही. दाजींनी विचारलं तेव्हा सांगितलं म्हणालो. आणि ते स्टँड हलवत होते तेव्हा माइक माझ्या हातात होता.”

पट्टीची गाठ मारायची राहिली होती. ताईचा हात थांबला. तिने ते टोक सोडून दिलं, उठून उभी राहिली आणि भावाच्या थोबाडीत अशी काही मारली की शेजारच्या खाटेवरचा पेशंट उठून बसला. मग पुन्हा. त्याने हात वर केला नाही. फाटलेल्या तळहातातून रक्त फरशीवर ठिबकत राहिलं.

“अहो बाई,” हवालदार म्हणाला.

“लिहा तुम्ही,” ताई म्हणाली आणि हवालदाराच्या शेजारी जाऊन बसली. तिचा श्वास अजून खाली बसला नव्हता. “नाव, पत्ता, दुकान, सगळं मी सांगते.”