सिंकमध्ये ओतलेल्या बाटल्या

वृंदानं भावाच्या थोबाडीत मारली, तेव्हा सिंकमध्ये चॉकलेटी फेस अजून विरलेला नव्हता.

रविवारची दुपार होती. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या स्लायगोहून गाडी चालवत ती नुकतीच नावनला, शिरीषच्या घरी पोचली होती. वडिलांना बघायला आली, तर स्वयंपाकघरात शिरीष एकेक प्लास्टिकची बाटली उघडून पालथी करत होता. रुग्णालयातून बाबा घरी आले तेव्हा आहारतज्ज्ञ ओर्लाबाईंनी लिहून दिलेलं ते पौष्टिक पेय. रिकाम्या बाटल्यांनी कचऱ्याची पिशवी फुगली होती.

"किती दिवस ओततोयस?"

"परवापासून. लेबल वाचलंयस का तू? एका बाटलीत साखर बघ! मधुमेही माणसाला हे पाजायचं? आईचा पाय कशानं कापावा लागला, विसरलीस?"

"आणि बाबा वाळून काटकी झालेत, ते?"

"भाजी-भाकरी खातील की."

"खातात का? आज काय खाल्लं?"

शिरीषनं हातातली बाटली ओट्यावर ठेवली. मग म्हणाला, "अर्धा टोस्ट. भूक नाही म्हणाले."

"आणि इन्सुलिन?"

"दिलं ना. डॉक्टरांनी लिहिलंय तेवढंच."

इथेच तिचा हात उठला. या बाटल्या सुरू झाल्या तेव्हा साखर वाढेल हे धरूनच डॉक्टरांनी इन्सुलिन वाढवलं होतं. ओर्लाबाईंनी दोघांना समोर बसवून ते सांगितलं होतं. बाटल्या बंद केल्या आणि इन्सुलिन तेवढंच ठेवलं, तर साखर कोसळणारच. शिरीषनं तिचं मनगट पकडून पिरगाळलं. लहानपणी भांडायचे तशीच दोघं ओट्यापाशी झोंबली. फरक एवढाच, की आता दोघांच्या अंगात मोठ्या माणसांचं बळ होतं. वृंदाचा खांदा फ्रिजवर आदळला.

तेवढ्यात बाहेरच्या खोलीत काच फुटली.

बाबा, मोरेश्वर देशकर, खुर्चीतून उठून उभे होते. वर्ध्याच्या शाळेत आयुष्यभर मुलांना कुस्ती आणि कवायत शिकवलेला हा माणूस न्हाणीघरात घसरला, कंबरेचं हाड मोडलं, आणि शस्त्रक्रियेनंतर अंगावरचं मांस जणू कुणी खरवडून नेलं. गेले काही दिवस त्यांना चार पावलं चालायलाही आधार लागायचा. आता मात्र हातातली काठी ते टीव्हीवर, कपाटाच्या काचेवर, मिळेल त्यावर घालत होते.

"कोन हाय तुमी? माह्या घरात कायले घुसले?"

"बाबा, मी शिरीष..."

काठीचं टोक शिरीषच्या भुवईवर बसलं. रक्ताची धार डोळ्यात उतरली. त्यानं काठी हिसकली, तर म्हातारा नखं काढून त्याच्या गळ्यावर झेपावला. शिरीषनं त्यांना छातीवर धक्का देऊन भिंतीशी दाबून धरलं. मोडलेल्या कंबरेचा म्हातारा, आणि त्याच्यावर उगारलेला मुलाचा हात. मूठ आवळलेली होती.

"शिरीष! हात खाली!" वृंदा मध्ये घुसली. तिनं बाबांचा दंड धरला आणि चमकलीच. बाहेर वारा बोचत होता, पण दंड घामानं थबथबला होता. अंग थरथरत होतं. डोळे तिच्याकडे होते आणि ती त्यांना दिसत नव्हती.

"हे बाबा नाहीत. साखर उतरलीये. मीटर आण!"

दोघांनी त्यांना कसंबसं खुर्चीत बसवलं. शिरीषनं मागून खांदे धरले. वृंदानं बोट टोचलं, तेव्हा बाबांनी दुसऱ्या हातानं तिच्या केसांना धरून मान खाली ओढली. केसांची एक बट उपटून निघाली. मीटरवर दोन पूर्णांक तीन, म्हणजे भारतातल्या मापात जेमतेम चाळीस. चारच्या खाली गेली की धोका, हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं.

शिरीष स्वयंपाकघरात धावला. भुवईतलं रक्त फरशीवर ठिबकत होतं. तो परतला तो एक नवी बाटली घेऊन. मधुमेहींसाठीचं तसंच पेय त्यानं ऑनलाइन मागवलं होतं, आजच खोकं आलं होतं.

"हे नको!" वृंदा ओरडली. "यातली साखर मुद्दाम हळूहळू चढेल अशी असते. आत्ता हे काय कामाचं? संत्र्याचा रस आण. आणि ॲम्ब्युलन्सला फोन कर."

ग्लास ओठाला लागला आणि बाबांनी तो उडवून लावला. रस भिंतीवर. दुसरा ग्लास तिनं दोन्ही हातांनी धरला. "गिळताय ना बाबा? गिळा." ते शुद्धीवर होते, गिळू शकत होते, म्हणूनच ती पाजत होती, डोळे मिटले असते तर तोंडात थेंबही घातला नसता. त्यांनी तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला. तिनं ओठ दाबले, बोट सोडवलं, आणि पुन्हा ग्लास टेकवला. एक घोट. शिव्या. आणखी एक घोट.

ग्लास संपला. हळूहळू खांद्यांमधला ताठा गेला. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं तेव्हा मीटर तीनच्या वर होता, पण चारच्या खालीच, म्हणून पुन्हा रस. ॲम्ब्युलन्सची माणसं दारात आली, त्या वेळी बाबा फुटलेल्या काचांकडे बघत विचारत होते, "हे कोनं केलं बाप्पा?"

ॲम्ब्युलन्समधल्या बाईनं साखर तपासली, ब्रेड खाऊ घातला, इन्सुलिनचा परिणाम उतरेपर्यंत पुन्हा घसरू शकते म्हणून त्यांना रुग्णालयात न्यायचं ठरवलं. "तुमचे बाबा आता ग्रँड, एकदम ठीक आहेत," ती शिरीषला म्हणाली, "पण तुम्हाला टाके लागतील."

दोन दिवसांनी बाबा घरी परतले, तेव्हा ओर्लाबाई आल्या. शिरीष भुवईवर पट्टी लावून समोर बसला होता. त्यानं नजर वर न करता विचारलं, "साखर असते हे तर खरंच ना?"

"असते. आणि तुमची भीतीही खरी आहे," त्या म्हणाल्या. "साखर वर राहत असेल तर मधुमेहींसाठीची बाटली देता येते. साखर हळू चढते, तंतू जास्त असतात. काहींत मात्र ऊर्जा थोडी कमी असते. फळांच्या रसासारखं पेय असतं ते मी यांना देणारच नाही, ते झपाट्यानं चढतं. पण इतक्या वाळलेल्या माणसाला आज साखरेपेक्षा उपासमार जास्त मारेल. दोन जेवणांच्या मधे, घोट घोट, जेवणाऐवजी नाही. आणि यात काहीही बदललं, तर आधी इन्सुलिनचं विचारायचं. जेवायला लागले, वजन धरलं, की बाटल्या बंद."

मधुमेहींसाठीच्या बाटल्या ठरल्या, इन्सुलिन कमी झालं. काही आठवड्यांत बाबा फिजिओबरोबर जिना चढू लागले. भाकरी अख्खी संपायला लागली.

वृंदा दर रविवारी यायची. भाऊ-बहीण कामापुरतं बोलायची. तिच्या खांद्यावरचा निळा डाग गेला होता. त्याबद्दल तो एकदाही बोलला नव्हता, आणि थोबाडीत मारल्याबद्दल तीही.

एका रविवारी ऊन बाबांच्या तोंडावर येत होतं म्हणून शिरीषनं पडदा ओढायला हात वर केला. बाबांनी दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

शिरीषचा हात हवेतच राहिला.

"बाबा, तुम्हाला त्या दिवसाचं काहीच आठवत नाही ना?"

मोरेश्वरांनी हात हळूच मांडीवर ठेवले. "काचा फोडल्याचं नाई आठवत मले. तू हात उचलला, तेवढं आठवते."

शिरीष त्यांच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसला. त्यानं कपाळ खुर्चीच्या हातावर टेकवलं. वृंदा दारात उभी होती, ती आत आली आणि पडदा तिनं ओढला. मग बाबा खालच्या डोक्याकडे बघून म्हणाले,

"रडू नको बे. पन आता माह्यासमोर हात हळू वर करत जा."