आधी घरात भांडा

"आमचं सगळ्यांचं एकमत आहे," असं नर्सेस संघटनेची सेक्रेटरी सासूबाईंना सांगत होती, तेव्हा तिच्याच जेवणाच्या टेबलाभोवती बसलेले समितीतले तिघे एकमेकांकडे बघत नव्हते.

तिघांपैकी मोठ्या सिस्टर निवृत्तीला आलेल्या. त्यांना कपडे बदलायला स्वतंत्र खोली हवी होती. उभी हयात त्यांनी औषधांच्या कपाटाआड साडी बदलण्यात घालवली होती. ऑपरेशन थिएटरमधल्या तरुण सिस्टरला सगळे 'तोफ' म्हणत. तिला संप हवा होता, मागणी कोणतीही चालली असती. तिसरा ब्रदर, पुरुष वॉर्डातला, मितभाषी. सेक्रेटरीला हवं होतं ते ड्युटीचं वेळापत्रक वेळेत लागणं, आणि सलग दोन पाळ्यांची सक्ती बंद होणं. गुरुवारी रुग्णालयाच्या प्रशासनाशी बैठक होती.

सासूबाई एका गिरणीत कामगार अधिकारी होत्या. निवृत्तीनंतर त्यांनी तो अधिकार घरात चालू ठेवला होता. सुनेने त्यांना विचारलं ते नाइलाजाने. "तुम्ही प्रशासन व्हा. आमची तालीम घ्या."

"त्यात काय व्हायचंय?" म्हणत सासूबाईंनी चष्मा चढवला, खुर्ची टेबलाच्या टोकाला नेली आणि गोड हसल्या.  हे हसू सुनेच्या ओळखीचं होतं.

"मोठ्या सिस्टर, कपडे बदलायची खोली आजच मंजूर. आरसासुद्धा लावू."

"अगबाई, फार उपकार झाले!" मोठ्या सिस्टर हात जोडून बसल्या.

"आणि ब्रदर, सलग दोन पाळ्या बंद करायच्या म्हणताय. तुम्हाला पण त्या सोयीच्या पडतात ना?"

ब्रदर चुळबुळला. "म्हणजे... लागोपाठ केल्या की पुढे सुट्ट्या जोडून मिळतात. गावी जाता येतं. माझ्यासारखे बरेच आहेत."

"हे तू आत्ता सांगतोस?" सेक्रेटरी ओरडली.

"आत्ताच विचारलं कुणीतरी."

तोफेने टेबलावर मूठ आपटली. "नाही ऐकलं तर उद्यापासून संप!"

"किती जण येतील?" सासूबाईंनी विचारलं.

तोफ थंड झाली. कुणालाच विचारलं नव्हतं.

"झाली तुमची बैठक," सासूबाई चष्मा पुसत म्हणाल्या. "एक खोली देऊन मी तुम्हाला घरी पाठवलं असतं. सूनबाई, भांडायचं ते आधी घरात भांडा. परक्यांपुढे भांडलात तर त्यांना फक्त बघत बसायचं काम."

मग खरं भांडण झालं. सासूबाई तीनच प्रश्न पुन्हापुन्हा विचारत होत्या: कशाशिवाय उठायचं नाही? काय सोडता येईल? आणि कुठल्या रेषेखाली सही करायची नाही? मोठ्या सिस्टर एकदा रुसून गॅलरीत जाऊन बसल्या. तोफ दोनदा चप्पल घालून दारापर्यंत गेली आणि परत आली. ब्रदर मात्र त्या दिवशी आयुष्यभराचं बोलला, आणि त्याच्यामुळेच वाट सापडली: सलग दोन पाळ्या बंद करायच्या नाहीत, फक्त लेखी संमतीशिवाय लावायच्या नाहीत. वेळापत्रक मागायचं महिनाभर आधी, पण दहा दिवसांच्या खाली यायचं नाही, आणि हा आकडा टेबलाबाहेर जायचा नाही. खोलीची मागणी ठेवायची, अडलंच तर ती सोडून द्यायची. हे मोठ्या सिस्टरनी स्वतःच्या तोंडाने कबूल केलं, तेव्हा तोफेने त्यांना न सांगता चहा आणून दिला. संप हा शब्द सभासदांना विचारल्याशिवाय काढायचा नाही. बोलणार एकटी सेक्रेटरी. कुणाला पटलं नाही तर त्याने थोडा वेळ मागायचा आणि बाहेर जाऊन बोलायचं. सभासदांच्या सभेत यातल्या मागण्यांना मंजुरीही घेतली.

गुरुवारी समोर अधीक्षक, मेट्रन आणि हिशेब विभागाचे साहेब बसले होते. सेक्रेटरीने महिना मागितला.

"सात दिवस," अधीक्षक म्हणाले.

"पंधरा सहज जमतील," मेट्रन म्हणाल्या.

"कुणाला विचारून?" अधीक्षकांचा आवाज चढला.

"वेळापत्रक मी करते, तुम्ही नाही!"

हिशेबवाले साहेब म्हणाले, "आणि ते खोलीचं कुणी कबूल केलंय? माझ्याकडे आलेलं नाही."

मागणीपत्रात खोली होती, पण बैठकीत तिचं अजून कुणी बोललंच नव्हतं. तोफेने ओठ घट्ट मिटले. मोठ्या सिस्टर छताकडे बघू लागल्या.

"आम्हाला जरा वेळ द्या," अधीक्षक म्हणाले आणि तिघे शेजारच्या खोलीत गेले. काचेतून हातवारे दिसत होते, आवाज भिंतीतून येत होता. हे चौघे गप्प बसून बिस्किटं खात राहिले.

प्रशासन परतलं ते घामाघूम होऊन. पंधरा दिवस आधी वेळापत्रक, दुसऱ्या पाळीला लेखी संमती, आणि खोली. खोली का, ते त्या तिघांनाही सांगता आलं नसतं.

संध्याकाळी सभेत करार वाचून दाखवला. टाळ्या पडल्या. मग मागच्या रांगेतून एक सिस्टर उठली. "इतक्या पटकन हो म्हणाले, म्हणजे तुम्ही कमीच मागितलं!"

"पुढच्या वेळी तू ये की समितीत," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"मला कुठला वेळ?" म्हणत ती खाली बसली. शेजारणीने जोरात मान डोलावली आणि करार बहुमताने मंजूर झाला.