रिकाम्या रस्त्यावरची एकटी

स्टुडिओ घराच्याच वरच्या मजल्यावर होता आणि त्यात दोन राण्या होत्या. निदान थोरल्या सुनेला तरी तसं वाटायचं, आणि तिचं दुखणं हेच होतं, की तिथं आजवर राणी एकच होती.

फोटो काढायचे तिच्या नवऱ्यानं, आणि ते धुऊन-पुसून उजळायचे तिनं, असा शिरस्ता होता. जुन्या वास्तूंचे, दुकानांच्या दर्शनी भागांचे, मोठमोठ्या इमारतींचे फोटो. गिऱ्हाइकाला इमारत हवी असायची आणि रस्त्याला गर्दी. मग थोरली संगणकावर बसायची आणि एकेक मोटार, एकेक माणूस हातानं पुसायची. बसच्या मागं भिंत कशी असेल ते शेजारच्या भिंतीवरून ताडायची, दगडाला दगड जुळवायची, सावलीला सावली. एकेका फोटोला आठवडा जायचा. पण आप्पा, म्हणजे तिचे सासरे, ज्यांनी हा स्टुडिओ उभा केला, येईल त्याला सांगायचे, "आमच्या सुनेच्या हाताखालून गेला की रस्ता कसा धुतल्यासारखा होतो!" त्या एका वाक्यावर थोरली आठवडा काढायची.

मग धाकट्या दिरानं लग्न केलं ते एका फोटोग्राफर मुलीशी.

मुलगी वाईट होती म्हणावं तर तशी सोय नव्हती. लाघवी होती, कामसू होती, "ताई, ताई" करत मागं-मागं असायची. त्यामुळे तर थोरलीच्या पोटात जास्तच दुखायचं. भांडकुदळ जाऊ परवडली, निदान चारचौघांत नावं तरी ठेवता येतात.

त्या वर्षी जुन्या वाचनालयाच्या इमारतीचं काम आलं. डागडुजी नुकतीच संपली होती आणि आत शिरताच समोरच्या भिंतीवर लावायला, माणसापेक्षा उंच असा, दर्शनी बाजूचा फोटो हवा होता. समोर रस्ता, पण रस्त्यावर चिटपाखरू नको. इमारत पश्चिमेला तोंड करून. सकाळी रस्ता मोकळा असतो तेव्हा दर्शनी बाजू अंधारात, आणि दुपारनंतर ऊन दगडावर येतं तेव्हा समोर जत्रा.

"पंधरा दिवस तरी लागतील," थोरली म्हणाली. "त्या कमानींचं नक्षीकाम आहे. बसमागं झाकलं गेलं तर सगळं हातानं भरावं लागेल."

"ताई, एवढं कशाला?" धाकटी पोळी वाढता वाढता म्हणाली. "कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर पक्का बसवायचा आणि हलवायचाच नाही. फोकस, उजेडाची मापं, सगळं एकदा ठरवून बांधून टाकायचं. मग थोड्या थोड्या वेळानं तोच फोटो, तीसेक वेळा काढायचा. सगळे एकावर एक रचले की संगणक प्रत्येक ठिपक्यासाठी त्या तिसांतली मधली किंमत उचलतो. एका फोटोत तिथं मोटार असेल, दुसऱ्यात छत्री, पण बहुतेकांत तिथं नुसता रस्ताच असतो ना? मग रस्ताच उरतो. जाणारे-येणारे आपोआप गायब."

"आणि जो जाणारा-येणारा नसेल तो?" आप्पांनी विचारलं. त्यांचा घास हातातच राहिला होता.

"तो राहतो, आप्पा. निम्म्याहून जास्त फोटोंत जे जागचं हललं नाही, ते राहतं. म्हणून उभ्या गाड्यांची भीती."

आप्पा मोठ्यानं हसले. "म्हणजे आमच्या थोरलीचे डोळे वाचले म्हणायचे! वा गं पोरी!"

ते कौतुकानंच बोलले होते. पण थोरलीला वाटलं, आपल्या ताटातला घास काढून कुणी शेजारच्या ताटात ठेवला. तिचा नवराही उत्साहात म्हणाला, "उद्या मी येतो तुझ्याबरोबर, गर्दीत तिकाटण्याला कुणाचा धक्का लागायला नको." थोरलीच्या कामासाठी तो कधी शेजारी येऊन बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती "जरा बाहेर जाऊन येते" म्हणून निघाली. आपण नेमकं काय करणार आहोत हे तिनं स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. बघू तरी, एवढंच. वाचनालयासमोरच्या फुटपाथवर त्या दोघांनी तिकाटणं रोवलं होतं. ती वळसा घालून पलीकडे गेली आणि मुख्य दरवाजाच्या डाव्या खांबाशी जाऊन उभी राहिली. मोरपंखी ओढणी, खांद्याला पिवळी पिशवी. कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी.

मधून बसगाड्या जात होत्या, रिक्षा जात होत्या, शाळेतून सुटलेली पोरं कलकलाट करत जात होती. त्यांच्या फटींतून तिला पलीकडचं दिसत होतं. धाकटी घड्याळाकडे बघून हातातलं बटण दाबायची, कॅमेऱ्याला मात्र बोट लावत नव्हती. नवरा तिकाटण्यामागं, रस्त्याकडे पाठ करून, दोन्ही हात पसरून एखाद्या कुंपणासारखा उभा होता. मधेच धाकटी काहीतरी बोलली आणि तो मान मागं टाकून हसला.

थोरली खांबाला आणखी चिकटली. पायांना मुंग्या आल्या, तिनं पाय हलवला नाही. एका बाईनं विचारलं, "वाचनालय उघडं आहे का हो?" तिनं मान न वळवताच "हो" म्हटलं. ऊन थेट तोंडावर येत होतं. हललं तर पुसले जाऊ, हे तिला काल पोळी खाताना पक्कं समजलं होतं. बघू दे तुझं यंत्र काय करतं ते. मग पंधरा दिवस मलाच बसावं लागेल, आणि आप्पांना कळेल की हाताला पर्याय नाही.

शेवटी एक सामानाची मोठी गाडी येऊन नेमकी तिच्यापुढं थांबली आणि ड्रायव्हर निवांत खोकी उतरवू लागला. आता आपण दिसणार नाही, हे लक्षात आल्यावर ती मागच्या गल्लीनं घरी आली आणि कणीक मळायला बसली. कणीक त्या दिवशी अगदी लुसलुशीत झाली.

संध्याकाळी सगळे वर जमले. आप्पा गुडघे धरत जिना चढून आले. धाकटीनं सगळे फोटो आधी एकमेकांवर बिनचूक जुळवून घेतले, मग रचायला लावले. पडद्यावर पट्टी सरकत राहिली. आणि मग रस्ता आला.

थोरलीलाही क्षणभर श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. इतका स्वच्छ रस्ता तिच्या हातून कधीच झाला नव्हता. बसगाड्या नाहीत, पोरं नाहीत, ती सामानाची गाडीही नाही, कारण ती शेवटच्या सात-आठ फोटोंतच आली होती. कमानींची नक्षी पाकळी न् पाकळी मोजावी अशी. आणि एवढ्या त्या रिकाम्या रस्त्यावर, डाव्या खांबाशी, एकटी एक बाई.

पुढून जाणाऱ्यांमुळे पाय धूसर झाले होते, कडा विरल्या होत्या. पण मोरपंखी ओढणी होती आणि पिवळी पिशवी होती.

"ही कोण?" आप्पांनी चष्मा वर केला.

"ही तर..." नवरा म्हणाला आणि बायकोकडे वळून बघत राहिला.

धाकटीनं एकेक मूळ फोटो उघडायला सुरुवात केली आणि तो कोपरा मोठा केला. पहिला फोटो, त्यात थोरली. दुसरा, त्यात थोरली. पाचवा, नववा, चौदावा. पुढं पोरं बदलत होती, सायकली बदलत होत्या, थोरली तीच. आणि प्रत्येक फोटोत ती सरळ कॅमेऱ्याकडे बघत होती. डोळे बारीक, ओठ घट्ट, जबडा आवळलेला. आपला असा चेहरा तिनं कुठल्याही आरशात पाहिला नव्हता. तो उन्हानं तसा झालाय असं म्हणायला जागा नव्हती. बघणाऱ्या कुणालाही कळावं, ही बाई कुणावर तरी जळतेय.

धाकटीचं बोट थांबलं. तिला कळलं होतं. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मीच सांगितलं होतं ताईंना," ती एकदम म्हणाली. "माप कळायला. खांब केवढा उंच आहे ते माणसाशिवाय कळत नाही ना, आप्पा. मीच विसरले, निम्म्या वेळेआधी त्यांना बाजूला करायला हवं होतं."

आप्पा "बरं बरं" म्हणाले. नवऱ्यानं मान हलवली, पण त्याची नजर काही बायकोवरून हटली नाही.

थोरलीला वाटलं, हिनं चारचौघांत थोबाडीत मारली असती तरी बरं झालं असतं. एक तर काम चांगलं करायचं, वर मनही मोठं असायचं! माणसानं दुसऱ्याला काही शिल्लक म्हणून ठेवूच नये का?

पुरुष खाली गेल्यावर धाकटी हळूच म्हणाली, "ताई, एक अडचण आहे. तुम्ही नव्हता त्या फोटोंत तिथं ती गाडी आहे. म्हणजे तुमच्यामागचा खांब एकाही फोटोत धड नाही. माझ्या पद्धतीनं होणारच नाही ते. उद्या पुन्हा सगळं काढावं लागेल, नाही तर..."

"नाही तर मी पुसते."

"जमेल?"

"मला विचारतेस?" थोरली म्हणाली. मग आवाज उतरवून, पडद्याकडे बघतच, "कुणाला का सांगितलं नाहीस?"

धाकटीनं उठून संगणकापुढची खुर्ची मोकळी केली. "मी या घरात आले तेव्हा पहिल्याच दिवशी आप्पांनी तुमचे फोटो दाखवले. तासभर. मला जेवायलाही उशीर झाला. मी काय रडले होते माहितीय त्या रात्री! म्हटलं, इथं आपल्याला कोण विचारणार?"

थोरलीनं ते वाक्य मनात दोनदा घोळवलं, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. फारच बरं वाटलं.

दोन दिवस ती स्वतःला पुसत बसली. आधी पिशवी, मग ओढणी, मग ते डोळे. उजव्या खांबाचा दगड उचलून उलटा करून डावीकडे आणला, पण ऊन एकाच बाजूनं असल्यामुळं प्रत्येक कंगोऱ्याची सावली हातानं फिरवावी लागली. धूसर पायांखालची पायरी तर तिनं चारदा मोडून पुन्हा केली. नवरा एकदा येऊन मागं उभा राहिला. "चहा ठेवू का?" एवढंच म्हणाला. ती "ठेवा" म्हणाली. त्या खांबाशी उभं राहण्याबद्दल त्यानं कधीच विचारलं नाही.

फोटो लागला त्या दिवशी सगळे वाचनालयात गेले. डागडुजीचं काम पाहिलेला वास्तुविशारद आप्पांचा हात हातात घेऊन म्हणाला, "रस्ता बंद कधी केला होतात?" आप्पा फुशारून म्हणाले, "आमच्या सुनांनी केला." सुनांनी. थोरलीनं तो अनेकवचनी शब्द गिळला. गोडही नव्हता, पूर्वीइतका कडूही नव्हता.

गर्दी पांगल्यावर ती आणि धाकटी दोघीच फोटोपुढं उरल्या. थोरलीला राहवलं नाही.

"सांग बरं, कुठं होते मी?"

धाकटी पुढं झाली, नाक जवळजवळ काचेला लावून डावा खांब न्याहाळत राहिली. मग तिनं बोट टेकवलं. खऱ्या जागेपासून चांगलं वीतभर उजवीकडे.

"इथं ना?"

"बरोब्बर," थोरली म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून बाहेरच्या पायऱ्या उतरू लागली.