जाहिरातीवरचं नाव

चिंचवडच्या छापखान्यातून कच्चा छाप आला तेव्हा इंदुताई बालवर्गातल्या मुलांची दप्तरं जागेवर लावत होत्या. छापखान्याचा माणूस दारात उभा राहिला. त्यांनी कागद खिडकीशी नेला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. 'रविवारी'मधली वेलांटी तुटली होती, तिथे पेन्सिलीने खूण केली. बाकी सगळं ठीक होतं. खाली सही करून त्यांनी कागद परत दिला आणि दप्तरं लावायला घेतली.

नाटकमंडळींच्या जाहिराती इंदुताईच लिहायच्या, हे मंडळाबाहेर फारसं कुणाला माहीत नव्हतं. मंडळ म्हणजे कारखान्यातली दहा-बारा माणसं. संध्याकाळची पाळी नसेल तेव्हा ती कॅन्टीनच्या मागे तालमी करायची. चिटणीस दौलतराव कामगारांची हजेरी ठेवणाऱ्या टाइम ऑफिसात कारकून होते. जाहिरात लिहायला बसले की त्यांच्या हातून अर्जच व्हायचा. 'रसिकांनी उपस्थित राहून उपकृत करावे' याच्यापुढे त्यांची लेखणी जात नसे. मग एकदा अर्जुनरावांनी, म्हणजे इंदुताईंच्या नवऱ्यानं, बायकोनं लिहिलेला कागद आणून दाखवला. तेव्हापासून ते काम इंदुताईंकडे आलं.

अर्जुनराव मंडळाचे हुकमी विनोदी नट होते. 'दोन जावई, एक छत्री' या नाटकात त्यांच्याकडे छत्रीवाल्या जावयाचं काम होतं. ते नुसते दारात उभे राहून छत्री झटकू लागले की लोक हसत. मे महिन्यात विषमज्वरानं ते गेले. दिवाळी उलटली तशी मंडळानं तेच नाटक पुन्हा काढायचं ठरवलं. जावयाचं काम लेथ मशीन चालवणाऱ्या भिमाजीला दिलं. इंदुताईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, काढा. त्यांना त्याबद्दल काही वाटलं नाही. त्या दिवसांत त्यांना कशाबद्दलच काही वाटत नसे. सकाळी शाळा, दुपारी गोजाबाईंच्या घरातल्या भाड्याच्या खोलीत दोन भाकऱ्या. गोजाबाई जुन्या चिंचवडकर, तोंडानं फटकळ. त्या काही टोचून बोलल्या तरी ते कुठल्या कुठे निघून जाई.

जाहिरातीचं काम मात्र त्यांनी सोडलं नव्हतं. दिवसभरात तेवढं एकच काम असं होतं, की ज्यात त्यांचा हात आपोआप पुढे जाई.

या खेपेला जाहिरातीवर बरंच काही अवलंबून होतं. याच नाटकाचा आधीचा खेळ कॅन्टीनमध्ये रात्री साडेनऊला झाला होता. आली ती सगळी पुरुषमंडळी. शिट्ट्या झाल्या, बाकं मोडली. कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी दौलतरावांना बोलावून सांगितलं, की बायकामुलं येणार असतील तरच कॅन्टीन मिळेल, एरवी नाटकं बंद. कॅन्टीन गेलं तर मंडळाला दुसरी जागा नव्हती. आणि मंडळ गेलं तर जाहिराती गेल्या.

इंदुताईंनी विचार केला तो आकुर्डी, पुनावळे, पिंपळे गुरव इथल्या बायांचा. रविवारी दुपारी त्यांना घराबाहेर काढायचं तर नाटक किती थोर आहे हे सांगून भागणार नव्हतं. घरी परत कधी पोचू, बसायचं कुठे, पोर रडलं तर काय, हे आधी कळायला हवं. शिवाय नवऱ्याला, सासूला सांगता येईल असं कारण हवं. त्यांनी लिहिलं :

'रविवारी दुपारी चार वाजता. साडेसहाला खेळ संपेल, धारा काढायच्या वेळेला घरी जाल. स्त्रियांना बसायला वेगळी जागा, येण्याजाण्याचा दरवाजाही वेगळा. पोर रडलं तर मागच्या ओटीवर पाळणा बांधला आहे. कडेवरच्या मुलांना तिकीट नाही. आजीला घेऊन या, तिला जावयांची गंमत जास्त कळते.'

शेवटची ओळ वाचून दौलतराव हसले. इंदुताईंनी ती हसण्यासाठी लिहिली नव्हती. घरातून निघायचं की नाही ते आजीच ठरवते, म्हणून लिहिली होती.

बदललेला एवढाच मजकूर दौलतरावांनी छापखान्यात नेऊन दिला. नाटकाचं नाव, मंडळाचं नाव, नटांची यादी जुनीच ठेवा म्हणाले. मागच्या जाहिरातीचे जुळवलेले खिळे, म्हणजे शिशाची अक्षरं, छापखान्यानं सुतळीनं बांधून फळीवर ठेवले होते. पुन्हा जुळवायचे कष्ट वाचावेत म्हणून छापखाने असं करतात. कंपोझिटरनं सुतळी सोडली, मधल्या ओळी काढल्या, नव्या घातल्या. यादीला हात लावला नाही. यादी कशी बदलली आहे हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गुरुवारी सकाळी भैरूनं गुलाबी कागद गावोगाव चिकटवले. कॅन्टीनमध्ये चहा देणारा हा भैरू मंडळाच्या जाहिराती खळ लावून भिंतींवर चिकटवायचा. त्याची बैलगाडी रोज भाजी घेऊन यायची, जाताना ती रिकामीच जाई. दुपारी भिमाजी शाळेच्या दाराशी आला. पायरीवर उभा राहून टोपी हातात फिरवत राहिला.

"वहिनी, एक सांगायचं होतं. जाहिरातीवर भाऊंचंच नाव आलंय."

इंदुताईंना आधी त्यात सांगण्यासारखं काय आहे ते कळलं नाही. मग कळलं. 'छत्रीवाले जावई : अर्जुनराव.' ही ओळ त्यांनी खिडकीशी उभं राहून वाचली होती. एकेक अक्षर पाहिलं होतं. नाव जिथे असायला हवं तिथेच होतं, म्हणून त्या पुढच्या ओळीवर गेल्या होत्या. तुटलेली वेलांटी त्यांना दिसली होती.

भिमाजी म्हणाला, की त्याची काही तक्रार नाही, त्याचं नाव नसलं तरी चालेल. खरं तर तो त्यांनाच जपत होता, हे इंदुताईंच्या ध्यानात आलं. पण ध्यानात येण्यापलीकडे काही झालं नाही. त्यांनी त्याला बसायला सांगितलं आणि मुलांना सोडून दिलं.

संध्याकाळी कॅन्टीनच्या मागे दौलतराव चिंतेत होते, पण त्यांची चिंता निराळी होती. चिंचवड-पिंपरीत सगळ्यांना अर्जुनराव गेल्याचं माहीत होतं, तिथे जाहिरात काढून टाकावी. बाहेरच्या गावांना ते ठाऊक नाही. तिथल्या लोकांनी मागच्या वर्षी जत्रेत त्यांचा प्रवेश पाहिला होता, नाव वाचून ते गाड्या जुंपून येतील. एकदा आत बसले की भिमाजीही हसवेलच. दौलतराव हे सगळं हळू आवाजात, इंदुताईंकडे न बघता बोलले. शेवटी म्हणाले, की तुमची हरकत असेल तर राहू द्या.

"हरकत नाही," इंदुताई म्हणाल्या, "पण ते खोटं आहे. पाळण्याचं खरं, वेळेचं खरं आणि माणसाचं खोटं, असं कसं चालेल? एक खोटं निघालं की ती बाई पुढच्या वेळी पाळण्यावरही विश्वास ठेवणार नाही."

मग नावावर पट्टी चिकटवायचं ठरलं. पट्टीवर काय, यावर पुन्हा अडलं. 'कैलासवासी अर्जुनराव यांच्या जागी' असं घालावं, तेवढा मान द्यावा, असं भिमाजीला वाटत होतं. दौलतरावांनी कपाळाला हात लावला. विनोदी नाटकाच्या जाहिरातीवर कैलासवासी वाचून कोणती आई पोरं घेऊन येईल? सगळे इंदुताईंकडे बघू लागले. त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'छत्रीवाले जावई : भिमाजी.' एवढंच. दौलतराव बरोबर बोलत होते. जाहिरात बोलावण्यासाठी असते, तिथे दुसरं काही सांगायचं नसतं.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर त्या भैरूच्या गाडीत बसल्या. पट्ट्यांची जुडी मांडीवर, कीड लागू नये म्हणून मोरचूद घातलेली खळ डब्यात. भैरू खळ लावायचा, पट्टी त्या सरळ लावायच्या. आधी आकुर्डी झालं. मग पुनावळ्याच्या देवळाच्या भिंतीशी गाडी थांबली. इंदुताईंनी पट्टी लावली, तळहातानं दाबली. ओल्या कागदातून खालची काळी अक्षरं थोडी दिसत होती. त्यांनी वर दुसरी पट्टी लावली.

मागे एक बाई डोक्यावरचा भारा उतरून उभी होती. नाव छबूबाई. भैरूच्या नात्यातली. तिला वाचता येत नव्हतं, पण जाहिरात तिनं कालच मुलाकडून वाचवून घेतली होती. नाव कशापायी झाकता, असं तिनं विचारलं. भैरू खळीच्या डब्यात बघत राहिला.

"आता ते काम दुसरे करणार आहेत," इंदुताई म्हणाल्या.

"अन् ते छत्रीवालं? जत्रंत आलं व्हतं ते? आमची सासू अजून त्येंची नक्कल करती. ते न्हाई यायचं?"

"नाही. ते वारले. मी त्यांची बायको."

हे वाक्य इंदुताईंनी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगायची वेळच आली नव्हती, सगळ्यांना आधीच माहीत असे. ते त्यांना दुसऱ्याच कुणाचं बोलणं असल्यासारखं ऐकू आलं. छबूबाईनं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, हाताला लागलेल्या खळीकडे पाहिलं.

"मंग हे नवं हसवितंय का?"

तालमी इंदुताईंनी पाहिल्या होत्या. त्या स्वतः हसल्या नव्हत्या, पण ते काही माप नव्हतं.

"त्यांच्याइतकं नाही. पण कॅन्टीनमधली पोरं हसतात. रोज तेच बघून पुन्हा हसतात."

छबूबाईनं भारा उचलायला हात लावला. भैरूनं तो डोक्यावर चढवून दिला. सासूला विचारून बघती, एवढं बोलून ती गेली. येते म्हणाली नाही, येत नाही असंही म्हणाली नाही.

रविवारी साडेतीनपर्यंत कॅन्टीनमध्ये चिंचवडची तेवढी माणसं होती. बायकांकडची सतरंजी निम्मी रिकामी होती. अधिकारी दारात उभे होते आणि दौलतराव त्यांच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करत होते. इंदुताई बायकांच्या दरवाजाशी तिकिटं घेत होत्या. रिकामी सतरंजी त्यांना दिसत होती. पट्ट्या लावल्या नसत्या तर ती भरली असती, हे त्यांना दौलतरावांइतकंच कळत होतं. तिसरी घंटा द्यायची वेळ झाली आणि रस्त्यावरून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला. एका गाडीमागे दुसरी, मग तिसरी. पुनावळ्याच्या बाया उतरल्या. छबूबाईनं सासूला कमरेला धरून खाली उतरवलं. म्हातारीनं आत येता येता इंदुताईंच्या तोंडावरून हात फिरवला. घंटा थोडी उशिरा दिली.

सगळ्या बसल्यावर छबूबाईनं आपल्या बाजूची सतरंजी थोपटली. इंदुताई बसल्या. पडदा वर गेला. भिमाजी दारात उभा राहिला आणि त्यानं छत्री झटकली. तो अर्जुनरावांसारखी झटकत नव्हता. घाबरल्यामुळे त्याचा हात अडकला आणि छत्री उघडून त्याच्याच तोंडावर आली. पोरांनी एकदम कल्ला केला. म्हातारी मान मागे टाकून हसू लागली. दारातले अधिकारी पुढे येऊन बाकाच्या कडेवर टेकले.

छबूबाईही हसत होती, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. मधेच तिला आपल्या शेजारी कोण बसलंय ते आठवलं. तिनं पदर तोंडात धरला आणि खाली बघू लागली. तिचे खांदे तरीही हलत होते.

इंदुताईंनी तिच्या तोंडावरचा पदर बाजूला केला.

"हसा," त्या म्हणाल्या. "त्यासाठीच बोलावलंय."