मधोमध कुठलं लावायचं?

वरळीच्या बीडीडी चाळीत सत्यनारायणाच्या महापूजेला गुणगौरव असायचा. शाल, नारळ आणि माईकवर सर्टिफिकेटांचं जाहीर वाचन. एखाद्याचं एकच निघालं की टाळ्या आटोपशीर. अनुजाची एकोणीस वाचली, तेव्हा मंडपातल्या बायका कौतुकाने "अगंबाई!" म्हणाल्या होत्या. तिचे वडील लवू, मूळचे कोकणातले, एके काळचे गिरणी कामगार, पहिल्या रांगेत बसून रडले होते. आता सांगा, त्या टाळ्या ऐकल्यावर कोणाला एकाच कोर्सवर थांबावंसं वाटेल?

ऑफिसात अनुजा पुरवठादारांची बिलं कॉम्प्युटरवर चढवायची. तिच्या साहेब, मृणालिनी मॅडम, फटकळ पण मनाने सरळ. वर्षभरापूर्वी त्यांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "अनुजा, ही बिलं चढवायचं काम जाणार आहे. कोर्सेसचा सोस पुरे. एक्सेल आणि त्यातलं पॉवर क्वेरी, एवढंच घे. आणि आपल्याच महिन्याच्या बिलांवर हात चालव. बिलं एकीकडे, पेमेंट एकीकडे, कुठलं जुळत नाही ते शोधून मला दाखव. ते काम बघून मी तुझं नाव रिपोर्टिंग विभागासाठी टाकीन."

अनुजाने मान डोलावली. एक्सेलचा कोर्स केला, तोही दुप्पट वेगाने व्हिडिओ पळवून. शेवटच्या परीक्षेची उत्तरं ग्रुपवर फिरतच होती. आपल्या बिलांना मात्र हात लावला नाही. तिथे चुकलं तर लोक बघतील, कोर्समध्ये चुकलं तर पुन्हा बटण दाबता येतं! पुढे महापूजा जवळ आली, मग डिजिटल मार्केटिंग, मग लीडरशिप, मग एआयचं दोन तासांचं एक. चाळीत सांगायला एआय बरं वाटतं.

शेजारच्या टेबलावरची मनवा मात्र त्या एकाच कोर्सवर अडून बसली होती. रोज डबा खाऊन झाला की खऱ्या बिलांशी झटापट करायची आणि दर आठवड्याला मॅडमकडून बोलणी खायची. अनुजाला तिची कीव यायची.

परवा विभाग बंद होणार असल्याचं जाहीर झालं. रिपोर्टिंगमध्ये एक जागा होती. उरलेल्यांना घरचा रस्ता.

त्या जागेसाठी आज परीक्षा झाली. अनुजाने एकोणीस सर्टिफिकेटांच्या झेरॉक्सची फाइल पुढे सरकवली. मॅडमनी ती उघडलीही नाही. "ही बिलं, ही पेमेंटं. न जुळणारी काढ."

अनुजाने फॉर्म्युला लावला. खाली सगळीकडे एकच एरर. एकही बिल जुळेना! तिने फॉर्म्युला पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा तेच. कोर्समधली फाइल कशी स्वच्छ होती. इथे एका तक्त्यात बिल नंबर आकडा म्हणून होते आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून. दिसायला तेच, पण कॉम्प्युटरला वेगळे. हे तिला कळलं ते मनवाने नंतर सांगितल्यावर. "अगं, मी तर ह्याच्यातच महिनाभर अडकले होते," मनवा म्हणाली. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून तर जास्त लागलं. जागा मनवाला मिळाली. अनुजा बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत राहिली. पाणी थांबलं तरी डोळे थांबेनात.

संध्याकाळी ती घरी आली. घर म्हणजे चाळीच्या जागी झालेल्या टॉवरमधलं नवं घर. हॉलच्या भिंतीला अजून रंगाचा वास. लवू स्टुलावर उभे होते. खाली एकोणीस फ्रेमा पसरलेल्या, आणि भिंतीवर खिळे ठोकून तयार. खिळे फ्रेमांपेक्षा जास्तच होते.

"इलंस? माका ठाऊक होता, आज परीक्षा होती ती. पोस्ट तुझीच!" त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलंच नाही, हातोडी काखेत धरून फ्रेमा निरखत होते. "हे उरलेले खिळे पुढच्यांसाठी हत. आता सांग, ह्यातला खंयचा कामाक इला? ता मधोमध लावूया."

अनुजाने खाली पाहिलं. सोनेरी कडा, लाल शिक्के, प्रत्येकावर तिचंच नाव. लीडरशिप होतं. एआय होतं. एक्सेलही होतं, आणि तेच सगळ्यात चकाकत होतं. ती एकेक फ्रेम उचलून बघत गेली, जणू एखाद्यात खरंच काही सापडेल.

"बोल गो," लवू म्हणाले. "हात दुखतत."

शेवटची फ्रेमही तिने खाली ठेवली.

"बाबा, एकपण नाही."

लवू हसले. पोरीने थट्टा केली असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं, आणि सावकाश स्टुलावरून उतरले. मग लवूंनी हातोडी उलटी धरली आणि मधला खिळा उपटायला घेतला.