चारशे बारा चौकोन

साहेबांना आपल्या जागेवरून सगळे दिसावेत म्हणून कचेरीतली लाकडी पार्टिशनं निघाली आणि दिनकररावांचं टेबल माझ्या टेबलाला येऊन चिकटलं. त्यांचा अडकित्ता दिवसभर कटकट वाजायचा.

माझं काम नकाशावरून शेताचं क्षेत्र काढायचं. बारीक चौकोनांचा पारदर्शक कागद नकाशावर ठेवायचा, आधी पुरे चौकोन मोजायचे, मग हद्दीनं कापलेले तुकडे नजरेनं जोडायचे. खूण करायला मनाई, आकडा डोक्यातच धरायचा. तीनशेच्या पुढं गेले की दिनकरराव माझ्या खांद्यावरून वाकायचे.

"बाई, कुठवर आलं? कुणाचं रान हाय हे?"

आकडा गेला. पुन्हा एकपासून. तेवढ्यात पलीकडं कुणीतरी फोनात ओरडायचं, "हॅलो, परभणी!" पुन्हा एकपासून. दहा शेतांच्या जागी दिवसाला दोन निघायची, आणि साहेब मलाच मंद म्हणायचे. घरी भाकरी थापतानासुद्धा मागून कुणी वाकलंय असं वाटायला लागलं.

शेवटी किल्ली मागून घेतली आणि रविवारी सकाळी एकटीच आले. हॉल सुनसान होता. अडकित्ता डब्यात बंद. मी मोजायला लागले. चारशे दहा, चारशे अकरा, चारशे बारा.

बोट थांबलं. पुढचा आकडा येईना. मान आखडून मी वाट बघत बसले. कशाची, ते मला कळत होतं.

"बाई, कुठवर आलं?"

रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमला. तोंड माझंच होतं.

मी पुन्हा एकपासून सुरू केलं.